दारात मागितलेले १५,१२०: परदेशातून आलेल्या एका लेन्सचे प्रकरण

एका छायाचित्रकार बाईंनी परदेशातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या व्यापाऱ्याकडून वापरलेली लेन्स मागवली. किंमत ४०,०००. जाहिरातीत "शिपिंग फ्री, कुठलेही छुपे खर्च नाहीत" असे लिहिलेले. पैसे कार्डाने लगेच गेले. पार्सल आले तेव्हा कुरियरच्या माणसाने पाकीट हातात द्यायच्या आधी १५,१२० मागितले. बाई म्हणाल्या, "पैसे तर मी केव्हाच भरलेत." तो म्हणाला, "मॅडम, ते सामानाचे. हे कस्टम्सचे आहेत. हे भरल्याशिवाय मला पार्सल सोडता येत नाही."

बाईंनी पैसे भरले नाहीत आणि पार्सल नाकारलेही नाही. "दोन दिवस थांबवा, मला कागद पाहू द्या" एवढे सांगितले. या प्रकरणात पुढे जे काही नीट झाले ते या एका वाक्यामुळे. मी कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात आहे, म्हणून कागद माझ्याकडे आले. रकमा बाईंच्या देशाच्या चलनात आहेत. देशाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण शुल्काचे दर देशागणिक आणि वस्तूगणिक वेगळे असले तरी हिशोबाची रीत बहुतेक ठिकाणी सारखीच आहे आणि इथे महत्त्व त्या रीतीला आहे.

दारात मिळालेल्या कागदावर चार ओळी होत्या:

आयात शुल्क: ४,५००
आयातीवरचा कर: ९,९००
आगाऊ भरणा आकार: ६००
आकारावरील कर: १२०

बेरीज १५,१२०. खाली कुरियरचा ट्रॅकिंग क्रमांक आणि कस्टम्सकडे दाखल केलेल्या घोषणापत्राचा क्रमांक.

बाईंच्या लेखी हे सगळे "कुरियरने लावलेले पैसे" होते. बहुतेकांना तसेच वाटते, कारण मागणारा माणूस कुरियरचा असतो आणि पावतीवर शिक्काही कुरियरचाच असतो. पण या चार ओळींत दोन वेगवेगळ्या खिशांचे पैसे आहेत. पहिल्या दोन ओळींचे १४,४०० सरकारचे. शेवटच्या दोन ओळींचे ७२० कुरियरने केलेल्या कामाचे. सरकारी रक्कम चुकली असेल तर ती कस्टम्सच्या कायद्याने दुरुस्त होते. कुरियरचा आकार चुकला असेल तर तो त्यांच्या दरपत्रकाशी ताडून भांडायचा. दोन्ही एकत्र करून "एवढे कसे?" असे विचारले की ग्राहक सेवेतला माणूस "कस्टम्सने लावले आहेत" म्हणून मोकळा होतो. त्याचे म्हणणे खोटे नसते, पण अर्धेच असते.

कुरियर पैसे का मागतो

परदेशातून वस्तू देशात आली की तिच्यावरचे शुल्क भरण्याची जबाबदारी आयात करणाऱ्याची, म्हणजे ज्याच्यासाठी ती आली त्याची. विकणारा दुसऱ्या देशात बसलेला असतो. त्याच्यावर या देशाच्या कस्टम्सचा थेट हात पोचत नाही. म्हणून माल सीमेवरच धरला जातो आणि शुल्काची सोय झाल्यावर सोडला जातो.

आता एक्स्प्रेस कुरियरच्या गोदामाची कल्पना करा. रात्री विमान उतरते, हजारो पाकिटे पट्ट्यावर येतात आणि सकाळी ती गावोगावी निघायची असतात. प्रत्येक पाकिटासाठी मालकाला फोन करून, त्याने पैसे भरेपर्यंत थांबायचे ठरवले तर गोदाम दोन दिवसांत तुंबेल. म्हणून मोठ्या कुरियर कंपन्या कस्टम्सकडे हमी ठेवतात, खाते उघडतात आणि आपल्या ग्राहकांच्या वतीने घोषणापत्र स्वतःच दाखल करतात. शुल्क त्या खात्यातून भरले जाते किंवा खात्यावर चढते, आणि माल सुटतो.

म्हणजे कुरियरचा माणूस बाईंच्या दारात आला तेव्हा सरकारला १४,४०० पोचते झालेले होते. तो मागत होता ती कंपनीने बाईंच्या वतीने भरलेल्या पैशांची वसुली होती. "पैसे द्या, मग पार्सल" हा हट्ट तिथूनच येतो. पार्सल हातात असेपर्यंत कंपनीला काही आधार आहे. ते दिल्यावर एका अनोळखी माणसाकडून काही हजार वसूल करत फिरणे तिला परवडत नाही. काही कंपन्या नेहमीच्या ग्राहकाला पार्सल आधी देऊन बिल मागाहून पाठवतात, आणि काही पार्सल शहरात पोचायच्या आधीच ऑनलाइन भरायला सांगतात. दारात मागणे ही त्यातलीच एक पद्धत.

६०० चा "आगाऊ भरणा आकार" तो याचाच. कंपनीने स्वतःचे पैसे गुंतवले, घोषणापत्र भरले, त्याचे हे शुल्क. या कंपनीचा दर होता भरलेल्या सरकारी रकमेच्या अडीच टक्के, पण किमान ६००. १४,४०० चे अडीच टक्के ३६० होतात, म्हणून किमान दर लागला. त्यावर सेवेचा २० टक्के कर, १२०. बाईंना याचा सगळ्यात जास्त राग आला, कारण ही सेवा त्यांनी मागितलीच नव्हती. राग समजण्यासारखा आहे. स्वस्त वस्तूच्या बाबतीत तर हा आकार प्रत्यक्ष शुल्काहून मोठा निघतो, आणि मला ते अन्यायकारक वाटते. काही देशांत आयातदाराला घोषणापत्र स्वतः दाखल करता येते, पण तसे करायचे असेल तर विमान उतरण्यापूर्वी कुरियरला लेखी कळवावे लागते. माल सुटून गाडीत चढल्यावर ती वाट बंद झालेली असते.

टपालाने आलेल्या पाकिटाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पाठवणारा सीएन २२ किंवा सीएन २३ हा टपालाचा घोषणा फॉर्म भरतो, कमी किमतीच्या पाकिटाला पहिला आणि जास्त किमतीच्या पाकिटाला दुसरा. शुल्क साधारणपणे कस्टम्सचे अधिकारी त्यावरून आकारतात आणि टपालखाते ते पोचवताना गोळा करते. म्हणून टपालाच्या पाकिटात चूक दिसली तर बहुधा थेट कस्टम्सकडे दाद मागायची असते. कुरियरच्या पाकिटात घोषणापत्र कुरियरच्याच माणसाने, विक्रेत्याच्या इन्व्हॉइसवरून भरलेले असते. तिथली चूक बहुतेक वेळा त्या दोन कागदांच्या मधे कुठेतरी झालेली असते आणि सुरुवात कुरियरपासून करावी लागते. या प्रकरणात नेमके तेच झाले.

ही फसवणूक तर नाही?

बाईंना आदल्या दिवशी एक मेसेजही आला होता: तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, या लिंकवर पैसे भरा. म्हणून दारातली मागणीही त्यातलीच असावी अशी त्यांना शंका होती. शंका घेणे योग्यच, कारण असे खोटे मेसेज सर्रास फिरतात, आणि ज्यांचे पार्सल खरोखर वाटेत असते ते त्यात सहज सापडतात.

आम्ही मेसेजमधली लिंक उघडली नाही. कुरियरच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप केला आणि विक्रेत्याने दिलेला ट्रॅकिंग क्रमांक तिथे घातला. "शुल्क भरणे बाकी" अशी नोंद होती आणि रक्कम तीच, १५,१२०. दारातला कागद खरा ठरला. मेसेज मात्र खोटा निघाला. त्यात ट्रॅकिंग क्रमांक नव्हता, मागितलेली रक्कम अगदी किरकोळ होती आणि लिंकचा पत्ता कुरियरच्या पत्त्याशी जुळत नव्हता. किरकोळ रक्कम हे आमिष असते. भामट्याला ते चार पैसे नको असतात, कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी हवा असतो. खऱ्या मागणीला पाकिटाचा क्रमांक असतो, शुल्काची फोड असते, आणि घोषणापत्राचा क्रमांक मागितला तर मिळतो. फोड द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर पैसे भरू नयेत.

"शिपिंग फ्री" मध्ये शुल्क येते का?

येत नाही. भाडे कोणी भरले आणि शुल्क कोणी भरायचे या दोन अगदी स्वतंत्र गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारात यासाठी ठरीव अटी आहेत. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इन्कोटर्म्समध्ये, २०२० च्या आवृत्तीत, अशा अकरा अटी आहेत आणि आयातीचे शुल्क विकणाऱ्याच्या माथी टाकणारी त्यात एकच, डीडीपी. पार्सलच्या जगात दुसरे नाव भेटते ते डीएपी. यात विकणारा माल तुमच्या पत्त्यापर्यंत स्वतःच्या खर्चाने पोचवतो, पण शुल्क तुमचे.

बाईंच्या पाकिटावर चिकटवलेल्या एअरवे बिलाचा फोटो मागवला. त्यावर एक छोटा चौकोन असतो: भाडे कोणाकडून, शुल्क आणि कर कोणाकडून. भाड्यापुढे पाठवणारा, शुल्कापुढे स्वीकारणारा. म्हणजे डीएपी. "छुपे खर्च नाहीत" ही ओळ विक्रेत्याने आपल्या दुकानापुरती लिहिली होती. त्याला पत्र लिहून पाहिले. उत्तर आले की दुकानाच्या अटींत आयात शुल्क ग्राहकाचे असे नमूद आहे, आणि ते होतेही, तळाशी. खरेदीच्या वेळी शुल्क धरून एकूण रक्कम दाखवणारी दुकानेही आहेत. तिथे पैसे देताना "आयात शुल्क" अशी वेगळी ओळ दिसते. ती ओळ दिसली नाही तर शुल्क दारात येणार हे धरून चालावे.

अशा मागण्या अलीकडे वाढल्यात, त्यालाही कारण आहे. पूर्वी ठरावीक किमतीखालची पाकिटे बऱ्याच देशांत शुल्काविना सुटत. ही सवलत एकेक करून आवळली जात आहे. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची करमाफी १ जुलै २०२१ पासून काढली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचा माल शुल्काविना येत असे. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या मालासाठी थांबवली गेली. "मागच्या वेळी तर काही लागले नव्हते" हे वाक्य मला रोज ऐकू येते. मागच्या वेळचा अनुभव बहुधा खराच असतो, नियम बदललेला असतो.

आणि वस्तू जुनी, वापरलेली आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही. वापरलेल्या लेन्सचेही मूल्य धरले जाते, ते तिला दिलेल्या किमतीइतके.

आकडे उघडून पाहिले तेव्हा

आता खरा प्रश्न: १४,४०० बरोबर आहेत का? बाईंच्या डोक्यात साधा हिशोब होता. शुल्क १० टक्के, कर २० टक्के, मिळून ३० टक्के. ४०,००० चे ३० टक्के १२,०००. मग जास्तीचे २,४०० कुठून आले?

त्यातले ८०० रीतीमुळे येतात, तिथे चूक नाही. कर हा शुल्क मिळवल्यानंतरच्या रकमेवर लागतो. ४०,००० वर १० टक्के शुल्क ४,०००. मग ४४,००० वर २० टक्के कर, ८,८००. एकूण १२,८००. दोन दर एकावर एक चढत असल्याने ते ३० न होता ३२ टक्के होतात. कराचा हेतू असा की आयात केलेल्या वस्तूवर देशातल्या दुकानातल्या वस्तूइतकाच कर बसावा, आणि देशातल्या दुकानदाराच्या किमतीत शुल्क आधीच मिसळलेले असते.

तरी उरतात १,६००. आम्ही कुरियरकडून घोषणापत्राची प्रत आणि त्याला जोडलेला इन्व्हॉइस मागवला. हा कागद तुमच्याच नावाने दाखल झालेला असतो, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. घोषणापत्रात शुल्कयोग्य मूल्य लिहिलेले होते ४५,०००. ते जास्तीचे ५,००० कुठले, हे इन्व्हॉइसवर दिसले:

वापरलेली कॅमेरा लेन्स, १ नग: ४०,०००
वाहतूक भाडे: ५,०००
एकूण: ४५,०००

(मूळ इन्व्हॉइस विक्रेत्याच्या चलनात होता. वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून इथे बदललेल्या रकमा दिल्या आहेत. एक सांगून ठेवतो: चलनबदल तुमच्या बँकेच्या दराने होत नाही. कस्टम्स स्वतः ठराविक काळासाठी दर जाहीर करते, तो लागतो. कार्डाच्या नोंदीशी किंचित फरक आला तर त्यात चूक शोधू नये.)

बाईंनी ४५,००० दिलेलेच नव्हते. ऑर्डरच्या पुष्टीपत्रात एकूण ४०,००० आणि शिपिंगपुढे शून्य. झाले असे की विक्रेत्याने पार्सलचे लेबल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूची किंमत म्हणून ४०,००० टाकले, आणि कुरियरने त्याला लावलेले ५,००० भाडे सॉफ्टवेअरने इन्व्हॉइसच्या भाड्याच्या रकान्यात आपोआप भरले. ४०,००० मध्ये भाडे आधीच होते, ते दुसऱ्यांदा मोजले गेले. कुरियरच्या क्लिअरिंग टेबलवरच्या माणसाने समोरचा कागद पाहून एकूण रक्कम उचलली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्यापुढे तेवढाच कागद होता.

इथे मूल्य ठरवण्याचा नियम समजून घ्यायला हवा, कारण सगळा दावा त्यावर उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यनिर्धारण करारानुसार आधार असतो तो वस्तूसाठी प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. भाडे आणि विमा त्यात धरायचा की नाही हे करार प्रत्येक देशावर सोडतो. बहुतेक देश सीमेपर्यंतचे भाडे आणि विमा धरतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया धरत नाहीत. काही देशांत विमा काढलेला नसेल तरी त्याची मानीव रक्कम मिळवतात. बाईंच्या देशात भाडे धरले जाते, आणि मानीव विमा नाही. तेव्हा "भाडे धरूच नका" असे म्हणण्याला जागा नव्हती. पण भाडे एकदाच धरायचे. लेन्सचे ३५,००० आणि भाड्याचे ५,००० असे मांडा किंवा भाड्यासकट ४०,००० म्हणा, बेरीज ४०,००० च येते. भाडे न धरणाऱ्या देशात हीच लेन्स गेली असती तर इन्व्हॉइस नीट फोडून लिहिल्यावर मूल्य ३५,००० झाले असते. "शिपिंग फ्री" लिहिणाऱ्या विक्रेत्याकडून भाडे वेगळे दाखवणारा इन्व्हॉइस मागणे तिथे फार कामाचे ठरते.

४५,००० वर शुल्क ४,५००, मग ४९,५०० वर कर ९,९००, एकूण १४,४००. ४०,००० वर १२,८००. फरक १,६००, म्हणजे चुकून वाढलेल्या ५,००० चे बरोबर ३२ टक्के.

वर्गीकरणही तपासले. जगभरच्या वस्तूंना सहा आकडी सांकेतिक क्रमांक असतात आणि दर त्यावरून ठरतो. कॅमेऱ्याच्या लेन्सचा ९००२.११, आणि घोषणापत्रात तोच होता. हे विक्रेत्याने "वापरलेली कॅमेरा लेन्स" असे स्पष्ट लिहिल्यामुळे. नुसते "फोटोचे सामान" किंवा "पार्ट्स" लिहिले असते तर क्लिअरिंगवाल्याने अंदाजाने कुठला तरी क्रमांक लावला असता. दर विचित्र वाटला तर आधी वस्तूचे वर्णन काय लिहिले आहे ते पाहावे.

भरायचे की नाकारायचे?

कुरियरने पार्सल थांबवून ठेवण्याची मुदत दिली होती, त्यानंतर गोदामभाडे सुरू होणार होते. बाईंपुढे तीन वाटा होत्या. पहिली, पार्सल नाकारायचे. तेव्हा ते विक्रेत्याकडे परत जाते, तो परतीचे भाडे कापून उरलेले पैसे देतो, आणि कुरियर आपले पैसे पाठवणाऱ्याकडून वसूल करायला जातो, कारण बहुतेक कुरियरच्या अटींत स्वीकारणाऱ्याने न भरल्यास पाठवणारा जबाबदार असतो. मग तोही ते तुमच्या परताव्यातून कापू पाहतो. १,६०० वाचवायला जाऊन त्याच्या कितीतरी पट जाण्याची ही वाट.

दुसरी, घोषणापत्र दुरुस्त होईपर्यंत भरायचे नाही. पण माल सुटून गेलेला होता. सुटलेल्या मालाच्या घोषणापत्राची दुरुस्ती हे आठवड्यांचे काम असते, तोवर गोदामभाडे वाढत जाते. तिसरी, भरायचे, पार्सल घ्यायचे आणि परतावा मागायचा. मी ही तिसरी सुचवली. सरकारी रकमेत चूक आहे आणि ती कागदावर सिद्ध होते, अशा वेळी भरून मागणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. पैसे भरले म्हणजे आकारणी मान्य केली असे होत नाही. परताव्याची मुदत मात्र देशागणिक फार वेगळी आहे: युरोपीय संघात शुल्क कळवल्यापासून तीन वर्षे, भारतात सर्वसाधारणपणे भरल्यापासून एक वर्ष, अमेरिकेत आकारणी अंतिम झाल्यापासून १८० दिवसांत हरकत नोंदवावी लागते.

बाईंनी एक सूचनाही केली. विक्रेत्याकडून कमी किमतीचा नवा इन्व्हॉइस घेतला तर, २०,००० चा? मी स्पष्ट नाही म्हटले. तो खोटा कागद होतो. कस्टम्स कार्डाची नोंद मागू शकते, आणि एकदा अशी विसंगती दिसली की खरा १,६०० चा दावाही संशयात जातो. "गिफ्ट" लिहून घेण्याचेही तेच. भेटवस्तूची सवलत विकत घेतलेल्या मालाला लागू नाही. आणि वाटेत पार्सल हरवले तर भरपाई घोषित किमतीच्या पलीकडे मिळत नाही, हे कमी किंमत लिहून घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

भरताना बाईंनी चार ओळींची फोड असलेली पावती घेतली. मग विक्रेत्याकडून दुरुस्त इन्व्हॉइस मागवला: लेन्स ३५,०००, भाडे ५,०००, एकूण ४०,०००, तारीख आणि क्रमांक मूळचाच, खाली "आधीच्या इन्व्हॉइसमध्ये भाडे चुकून दोनदा धरले गेले" अशी ओळ आणि सही. हा कागद आणि वर सांगितलेला खोटा इन्व्हॉइस यांत फरक असा की याला कार्डाची नोंद दुजोरा देते. सोबत ऑर्डरचे पुष्टीपत्र, कार्डाचे ४०,००० चे स्टेटमेंट, एअरवे बिल, घोषणापत्राची प्रत आणि पावती. अर्जात तीनच वाक्ये: कोणत्या घोषणापत्रात, कोणत्या रकान्यात, कोणते मूल्य चुकले, ते किती असायला हवे, आणि म्हणून किती परत हवे. तक्रारीचा सूर नाही. शुल्काच्या परताव्याचा अर्ज पाहणारा अधिकारी रागाची दखल घेत नाही, रकान्यांची घेतो.

अर्ज कुरियरच्या शुल्क-विवाद विभागाकडे गेला, ग्राहक सेवेच्या फोनवर नाही. फोनवर दोनदा "कस्टम्सला विचारा" असे उत्तर मिळाले होते आणि कस्टम्सच्या मदत केंद्राने "घोषणापत्र दाखल करणाऱ्याला विचारा" असे सांगितले. कस्टम्सचे बरोबर होते. या देशात घोषणापत्र ज्याने दाखल केले त्यानेच दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो, म्हणून कुरियरला टाळून पुढे जाता येत नव्हते.

दुरुस्ती मंजूर झाली. ७२० परत मिळाले नाहीत, आणि मिळायचेही नव्हते: १२,८०० चे अडीच टक्के ३२० होतात, तेव्हाही किमान ६०० च लागले असते. बाईंनी ते मान्य केले, नाखुशीने.

एक अडचण शेवटी आली. कस्टम्सने १,६०० परत केले ते ज्या खात्यातून आले होते त्यात, म्हणजे कुरियरच्या खात्यात. कुरियरच्या हिशोबखात्यात ते एका लांब यादीतली ओळ म्हणून पडून राहिले, कारण ते कोणाला द्यायचे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. बाईंनी घोषणापत्राचा क्रमांक, दारातल्या पावतीचा फोटो आणि आपल्या बँक खात्याचा तपशील एका मेलमध्ये घालून पाठवला, आणि मंजुरीच्या पत्राची प्रत जोडली. त्यानंतर पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले.